जुना फोन दारातून जाण्याआधी



गेल्या वर्षी ईदला आठवडा राहिला असताना आमच्या घरात नवा फोन आला. जुना फोन त्याच्या बदल्यात द्यायचा ठरला होता. भर दुपारी डिलिव्हरीवाला मुलगा दारात उभा राहिला. त्याने भाभींचा जुना फोन उलटासुलटा करून पाहिला, काचेवर ओरखडे आहेत का ते तपासले आणि म्हणाला, "रीसेट करून द्या मॅडम, मला अजून चौदा घरं आहेत." भाभींनी तयारी करून ठेवली होती. फोटो लॅपटॉपवर उतरवले होते, व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला होता, नंबर सगळे खात्यात होते. सिम काढले, फोन पुसला, दिला. दहा मिनिटांचे काम.

रात्री त्यांनी लॅपटॉपवर आपल्या शिवणकामाचे पान उघडले. पासवर्ड बरोबर होता. पुढे पडद्यावर आले की ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड टाका. नव्या फोनमध्ये ते ॲप त्यांनी घेतलेले होते. उघडले तर आत एकही ओळ नाही. जुन्या फोनमध्ये तिथे पाच खाती होती.

"नंबर तर तोच आहे ना, मग कोड का येत नाही?" हा भाभींचा प्रश्न. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी विचारला. या महिन्यात आम्ही त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर एकदा कळले की पुढची खबरदारी कोणी शिकवावी लागत नाही.

बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो. तो बँक पाठवते, टॉवरमार्फत येतो आणि ज्या फोनमध्ये आपले सिम असेल तिथे पोहोचतो. ऑथेंटिकेटरचा कोड कुठूनच येत नाही. तो फोनच तयार करतो. ज्या दिवशी आपण हे कुलूप बसवतो, त्या दिवशी संकेतस्थळ आपल्याला काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड दाखवते. त्या चौकोनात अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक गुप्त किल्ली असते. आपण तो स्कॅन करतो तेव्हा किल्लीची एक प्रत संकेतस्थळाकडे राहते आणि एक आपल्या फोनमध्ये उतरते. त्यानंतर दोघांचे बोलणे होत नाही. फोन ती किल्ली आणि घड्याळातली वेळ एकत्र करून दर तीस सेकंदांनी सहा आकडे काढतो. संकेतस्थळही तिकडे हेच गणित करते. दोन्हीकडचे आकडे जुळले की दार उघडते.

खात्री करायची असेल तर फोन विमान मोडवर टाका, सिमही काढा. ऑथेंटिकेटर उघडा. आकडे बदलतच राहतील.

म्हणून सिम हलवल्याने काही होत नाही, नंबर तोच राहिल्यानेही नाही. दुकानातून ॲप नव्याने घेतले तर रिकामी पेटी मिळते, आतल्या किल्ल्या जुन्या फोनमध्येच राहतात. एका फोनमधून दुसऱ्यात सगळे उतरवून घेण्याची जी सोय असते, तिच्यातूनही ॲपचे चित्र येते, पण किल्ल्या येतील असे धरून चालू नये. भाभींनी फोन पुसला त्या क्षणी पाच किल्ल्या नाहीशा झाल्या. संकेतस्थळांकडच्या प्रती मात्र तशाच राहिल्या. कुलूप शाबूत आणि चावी विहिरीत, अशी ती अवस्था.

आता एक्सचेंजमधली खरी अडचण. जुना फोन घरातच राहणार असेल तर आठवडाभर दोन्ही फोन शेजारी ठेवता येतात आणि काही राहिले तर पुन्हा उघडून पाहता येते. दारात अदलाबदल होते तेव्हा दोन्ही फोन एकाच वेळी आपल्या हातात असतात ती जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यातही समोर माणूस घाई करत उभा असतो. नवा फोन त्या वेळी अजून चार्ज नसतो, वायफायला जोडलेला नसतो, अपडेट मागत असतो. किल्ल्या हलवायची ही वेळ नव्हे.

यंदा आमच्या चिपळूणच्या खालाजाननी फोन बदलला, तेव्हा आम्ही ठरवून आदल्या रात्री त्यांच्याकडे होतो. खालाजान घरून कोकणी मसाला आणि सांदणांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे सगळे गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्या पानावर आणि एका जीमेलवर आहे. धाकट्या मुलाचे शेअर दलालाकडचे खातेही त्यांच्याच फोनमधल्या कोडने उघडते. मुलगा दोह्याला असतो. वर्षातून एकदा घरी येतो आणि मधल्या काळात आईला फोन करून आकडे विचारतो. म्हणजे एका फोनवर दोन देशांतला कारभार.

पहिले काम वही-पेनाचे. जुन्या फोनमधले गूगल ऑथेंटिकेटर उघडून आम्ही ओळी मोजल्या. सात निघाल्या. खालाजानना चार आठवत होत्या. नावे उतरवून घेतली आणि प्रत्येकीपुढे हे खाते कोणाचे, कशाचे ते लिहिले. एकाच जीमेलच्या नावाने दोन ओळी होत्या आणि दोन्हींत वेगळे आकडे पडत होते. असे पुष्कळदा दिसते. कधीतरी कुलूप काढून पुन्हा बसवलेले असते, नवी किल्ली येते, जुनी ओळ मात्र कोणी पुसत नाही. त्यातली एकच ओळ चालू असते, पण कोणती ते नुसते बघून कळत नाही. तिथे आम्ही प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

दुसरे काम कागदाचे. गूगलच्या खात्यात सुरक्षेच्या भागात "2-Step Verification" आहे आणि त्यात "Backup codes". तिथून आठ आकडी दहा कोड मिळतात. फोन नसताना त्यातला एक टाकून आत जाता येते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना रद्द होतो, म्हणून जुना कागद सापडला तर त्यावर विसंबू नये. इन्स्टाग्राम, फेसबुक वगैरे ठिकाणीही असे सुटकेचे कोड मिळतात, नाव थोडे वेगळे असते इतकेच. खालाजान म्हणाल्या, "फोटो काढून ठेवते." आम्ही म्हटले, "खालाजान, फोटो कुठल्या फोनमध्ये राहणार?" त्या हसल्या आणि मुलाची जुनी वही घेऊन आल्या. कोड हाताने लिहिले, एकाने वाचले, दुसऱ्याने ताडून पाहिले. तो कागद राशनकार्ड आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात गेला.

हे काम किल्ल्या हलवण्याच्या आधीचे आहे, नंतरचे नाही. हलवताना काही चुकले तर हाच कागद हाताशी असतो.

तिसरे काम मुख्य. नवा फोन सकाळी येणार होता, म्हणून आदल्या रात्री आम्ही खालूजानचा फोन मधला मुक्काम म्हणून वापरला. त्यांच्या फोनवर गूगल ऑथेंटिकेटर घेतले. उघडताच ते गूगल खात्यात शिरायला सांगते. तिथे "Use Authenticator without an account" निवडले, म्हणजे खालाजानच्या किल्ल्या खालूजानच्या खात्यात जाऊन पडणार नाहीत. मग खालाजानच्या फोनवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, "Transfer accounts", "Export accounts". फोनने बोटाचा ठसा मागितला, सगळ्या ओळींची यादी दाखवली, सगळ्यांवर खूण होती. पुढे गेल्यावर पडद्यावर क्यूआर कोड आला. खालूजानच्या फोनवर त्याच वाटेने "Import accounts" घेतले आणि तो चौकोन स्कॅन केला. सात ओळी उतरल्या.

इथे तीन गोष्टी सांगतो, कारण घोळ होतो तो इथेच.

खाती बरीच असली तर एका चौकोनात मावत नाहीत, दुसरा चौकोन पुढच्या पडद्यावर असतो. पहिला स्कॅन झाला, ओळी दिसल्या, की माणूस खूश होऊन थांबतो. म्हणून वहीतला आकडा आणि नव्या फोनमधला आकडा मोजून जुळवायचा.

दुसरे, निर्यात झाल्यावर जुन्या फोनमधल्या ओळी ठेवायच्या की काढायच्या असे ॲप विचारू शकते. त्या वेळी ठेवाच. काढायची वेळ अजून आलेली नाही.

आणि तिसरे. तो चौकोन म्हणजे कोड नव्हे, साऱ्या किल्ल्यांचा जुडगा आहे. एखादा सहा आकडी कोड कोणाला कळला तर तो अर्ध्या मिनिटात शिळा होतो. हा चौकोन ज्याने स्कॅन केला, त्याच्या फोनवर मात्र तुमचे आकडे कायम पडत राहतील आणि तुम्हाला त्याची खबरही लागणार नाही. त्याचा फोटो काढू नये, दोह्याच्या मुलालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात दोन्ही फोन काउंटरवर ठेवून "सगळं ट्रान्सफर करून दे रे" म्हणायची सवय आहे. फोटो आणि नंबर त्याने हलवले तर हरकत नाही. हे ॲप त्याच्यासमोर उघडू नका. कोणी फोन करून "तुमचे ऑथेंटिकेटर अपडेट करायचे आहे, पडद्याचा फोटो पाठवा" म्हणाला, तर तो चोर आहे असे समजून फोन ठेवा.

ओळी उतरल्यावर दोन्ही फोन शेजारी ठेवून पाहिले. एकाच ओळीसमोर दोन्हीकडे तेच सहा आकडे हवेत आणि ते एकाच वेळी बदलायला हवेत. खालूजानच्या फोनवर आकडे वेगळे निघाले. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कारण साधे होते. त्यांचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. जमाअत चुकू नये म्हणून त्यांनी ते हाताने पुढे करून ठेवलेले! किल्ली तीच असली तरी वेळ वेगळी असेल तर आकडे वेगळेच येणार. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घ्यायला लावली आणि आकडे जुळले. कोड चुकीचा ठरत असेल तर आधी घड्याळ पाहा.

आकडे जुळले म्हणजे किल्ली नीट उतरली, एवढेच कळते. ती किल्ली चालू आहे का, हे आत जाऊनच कळते. त्यासाठी लॅपटॉपवर ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो उघडली आणि वहीतले एकेक खाते नव्याने उघडून पाहिले. कोड खालूजानच्या फोनवरून घेतला. नेहमीच्या खिडकीत उघडलेल्या खात्यांतून आम्ही बाहेर पडलो नाही. काही फसले तर तिथून सेटिंग दुरुस्त करता येते. जुळ्या जीमेलचा उलगडाही इथेच झाला. वरच्या ओळीचे आकडे नाकारले गेले, खालच्या ओळीचे चालले. मेलेल्या ओळीवर वहीत काट मारली. मुलाच्या दलालाच्या खात्यासाठी दोह्याला फोन लावला. त्याने पासवर्ड घातला, खालाजाननी आकडे सांगितले, खाते उघडले. हे सगळे मिळून पाऊण तास लागला. निम्मा वेळ पासवर्ड आठवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला नवा फोन आला. डिलिव्हरीवाल्याने तपासणी केली, आम्ही जुना फोन पुसून दिला. पुसण्याआधी फोनमधून गूगल खाते काढावे लागते, नाहीतर पुसल्यावरही तो फोन त्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि मग एक्सचेंजवाला तो घेत नाही. आयफोन असेल तर आयक्लाउडमधून बाहेर पडून त्याचे शोधयंत्र बंद करावे लागते. तो गेल्यावर नवा फोन निवांत चार्ज केला, अपडेट होऊ दिला आणि खालूजानच्या फोनमधून त्याच वाटेने किल्ल्या नव्या फोनवर आणल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा दोन खाती उघडून पाहिली. आठवड्याने खालूजानच्या फोनवरून त्या ओळी पुसल्या. खालूजान म्हणाले, "राहू द्या की, मी काय पळून जातोय?" पण त्यांचा फोन नातवंडांच्या हाती असतो आणि त्यावर कुलूपही नसते.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? 2023पासून गूगल ऑथेंटिकेटर किल्ल्या गूगल खात्यात साठवू शकते, नव्या फोनवर त्याच खात्याने शिरले की ओळी आपोआप येतात. हे खरे आहे. भाभींनी सुरुवातीला तशी निवड केली असती तर त्यांची पाच खाती वाचली असती. ॲपच्या वरच्या कोपऱ्यात तुमच्या खात्याचे चित्र आणि ढगाची खूण आहे का ते आजच पाहा. बहुतेक घरांना ही सोय बरी, असेच आमचे मत आहे. पण तिच्यातल्या दोन खाचा ओळखून ठेवाव्यात.

पहिली अशी. गूगल खात्यालाच ऑथेंटिकेटरचे कुलूप असेल आणि ऑथेंटिकेटरच्या किल्ल्या गूगल खात्यात असतील, तर नव्या फोनवर आत शिरण्यासाठी जो कोड लागतो तो आतच अडकलेला असतो. कपाटाची चावी कपाटात. यातून तो आठ आकडी कोडांचा कागद सोडवतो. दुसरी खाच अशी की दोन्ही फोन एकाच खात्यात असताना जुन्या फोनवर "साफसफाई" म्हणून ओळी पुसल्या, तर त्या नव्या फोनवरूनही जातात. ढगाची खूण असेल तर जुन्या फोनवर एकेक ओळ पुसू नका. नव्या फोनवर सगळे नीट आहे याची खात्री करा आणि जुना फोन अख्खा रीसेट करा. रीसेटने खात्यात साठवलेल्या किल्ल्यांना धक्का लागत नाही.

मायक्रोसॉफ्टचे ऑथेंटिकेटर असेल तर बॅकअप सुरू आहे का ते आधी पाहावे. अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप आयफोनवर उतरत नाही आणि आयफोनचा अँड्रॉइडवर येत नाही. ऑफिसची किंवा कॉलेजची खाती तर बॅकअप उतरल्यावरही नव्याने जोडावी लागतात. तेव्हा फोनची जातच बदलत असाल तर जुना हातात असताना प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन नवा चौकोन घ्या आणि नव्या फोनने स्कॅन करा. गूगलमध्ये त्यासाठी "Change authenticator app" आहे. काम वेळखाऊ आहे, पण त्यात एक फायदा मिळतो. नवी किल्ली बसली की जुनी निकामी होते. साध्या हलवण्यात तसे होत नाही. तिथे एका किल्लीच्या दोन प्रती होतात आणि दोन्ही चालतात. फोन चोरीला गेला असेल किंवा न पुसता कोणाला दिला गेला असेल, तर हलवणे पुरेसे नाही, किल्लीच बदलावी लागते.

याच्या उलट गैरसमजही आम्ही ऐकला आहे. "ॲपमधून ओळ काढून टाकली, म्हणजे कोडची कटकट गेली." गेली नाही. ओळ पुसल्याने तुमची चावी जाते, कुलूप संकेतस्थळावर तसेच राहते. कटकट नको असेल तर आधी संकेतस्थळावर जाऊन कुलूप काढायचे, मग ॲपमधली ओळ पुसायची.

जुना फोन बाहेर न जाता घरातल्या शाळकरी मुलाला मिळत असेल तर नियम तोच. उलट तिथे विसर जास्त पडतो. "घरातच तर आहे" म्हणून कोणी रीसेट करत नाही, मुलगा खेळ उतरवतो, मित्रांना फोन देतो आणि आईच्या सगळ्या किल्ल्या वर्गभर फिरतात.

भाभींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पाचपैकी दोन खात्यांना एसएमएसचा पर्याय जोडलेला होता. तिथे सिम कामी आले आणि ती त्याच रात्री उघडली. एक जीमेल आमच्या ऑफिसच्या संगणकावर आधीपासून उघडे होते. तिथून आम्ही बाहेर पडलो नाही, सुटकेचे कोड काढले आणि नवी किल्ली बसवली. चौथे खाते तसेही वापरात नव्हते. शिवणकामाच्या पानाचा मात्र एकही दुसरा रस्ता नोंदवलेला नव्हता. ओळख पटवायचा अर्ज भरला, चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवला, वाट पाहिली. तेवढ्यात "दोन हजारांत पान परत मिळवून देतो" म्हणणारे दोघे भेटले. दोघांनीही आधी पैसे आणि मागाहून ईमेलचा पासवर्ड मागितला. त्यांना नाही म्हटले.

पान एकोणिसाव्या दिवशी परत मिळाले. ईद होऊन गेली होती. आतल्या संदेशांत शरारा आणि कुर्त्यांच्या एकतीस ऑर्डरी पडून होत्या आणि सगळ्यांत खाली एका बाईंचा निरोप होता, "आपा, जवाब नाही आला म्हणून दुसरीकडे शिवून घेतलं. नाराज होऊ नका." भाभींनी त्यांना फोन केला. आता त्यांचा कागद आमच्या कपाटात आहे, आमचा त्यांच्या.